नुसतं ‘केरी’ लिहून आलं तर

वाचनालयाच्या चौकशीच्या फोनवर रोज जे संदेश येतात, त्यांतले कितीतरी एका शब्दाचे असतात. ‘केरी’, ‘दाखला’, ‘तेरेखोल’. नमस्कार नाही, प्रश्नचिन्ह नाही, काय हवं त्याचा पत्ता नाही. आमच्याकडे कामाला नव्याने येणारी मुलं हे बघून गोंधळतात आणि मग दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर मनात पहिला आलेला अर्थ धरून लांबलचक उत्तर पाठवतात, नाहीतर ‘नक्की काय हवंय ते सविस्तर लिहा’ असं लिहून मोकळी होतात. पहिल्यात समोरचा चुकीच्या गावाला जाऊ शकतो आणि दुसऱ्यात तो बहुतेक वेळा पुन्हा लिहीतच नाही. या दोहोंच्या मधली एक रीत आहे. ती ‘केरी’ हाच एक शब्द घेऊन सांगतो, कारण गोव्यात यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

गोव्यात केरी नावाची तीन गावं आहेत. एक पेडणे तालुक्यात, तेरेखोल नदी समुद्राला मिळते तिथे. या केरीला किनारा आहे, आणि नदी ओलांडून तेरेखोलला जायला फेरीबोट आहे. पलीकडच्या काठावरचा तेरेखोलचा किल्ला नदीच्या उत्तरेला असूनही गोव्यातच मोडतो. दुसरी केरी सत्तरीत, चोर्ला घाटाच्या पायथ्याशी. साखळीहून बेळगावला निघालं की घाट चढायच्या आधी ती लागते, आणि अंजुणे धरणही तिथेच जवळ. तिसरी फोंडा तालुक्यात, बागायतींच्या पट्ट्यात. तिथे विजयादुर्गेचं देऊळ आहे. ही देवी मूळची सांकवाळची. पोर्तुगीज राजवटीत सासष्टी-मुरगावकडची देवळं पाडली जाऊ लागली, तेव्हा अनेक दैवतं नदीपलीकडे हलवली गेली, त्यांतलीच ही एक. म्हणून तिचे कुळावी, म्हणजे तिला कुलदैवत मानणारे लोक, आज गोव्याबाहेरही दूरदूर पसरलेले आहेत.

आता ‘केरी’ हा शब्द हातात घेऊन बसा. यात दोन वेगवेगळे प्रश्न लपलेले आहेत, आणि ते वेगळे धरले नाहीत तर पुढचं सगळं बिघडतं. पहिला, कुठली केरी. दुसरा, त्या केरीचं काय. जागा कळली म्हणजे गरज कळली असं नाही. समुद्राकडची केरी म्हटल्यावरही माणसाला फेरीबोटीची वेळ हवी असेल, राहायला खोली हवी असेल, किंवा शाळेच्या प्रकल्पासाठी तेरेखोलच्या किल्ल्याचा इतिहास हवा असेल. उलटंही घडतं. गरज स्पष्ट असते, म्हणजे माणसाला बसच हवी असते, पण गाव ठरत नाही.

संगणकावर शोध घेणाऱ्यांच्या बाबतीत हा दुसरा प्रश्न आंद्रेई ब्रोडर यांनी २००२ मध्ये नीट मांडला. त्यांनी शोधामागच्या हेतूंचे तीन प्रकार केले. काहींना काहीतरी जाणून घ्यायचं असतं. काहींना एका ठराविक ठिकाणी, म्हणजे एखाद्या संस्थेच्या पानावर, पोचायचं असतं. आणि काहींना काम उरकायचं असतं: तिकीट काढणं, अर्ज भरणं, खोली ठरवणं. शब्द तोच राहतो, हेतू बदलतो. त्यांचं म्हणणं वेबपुरतं होतं, पण चौकशीच्या फोनवरही ते थोड्या फरकाने लागू पडतं. ‘केरी’ लिहिणारा माणूस वाचायला बसलाय, की निघायच्या तयारीत चपला घालून उभा आहे, की कागद हातात धरून कचेरीच्या दारात उभा आहे, एवढं कळलं तरी अर्धं उत्तर तयार होतं.

ते कळायचं कसं? शब्दात काही नसलं तरी शब्दाच्या भोवती बरंच असतं. सगळ्यात आधी लिपी आणि स्पेलिंग बघावं. देवनागरीत ‘केरी’ लिहिणारा बहुधा ते नाव कानाने ओळखतो. `Keri` लिहिणाऱ्याने ते कुठेतरी वाचलेलं किंवा ऐकलेलं असतं, त्यावरून फार काही ठरत नाही. पण `Querim` असं आलं तर जरा थांबावं. हे पोर्तुगीज वळणाचं स्पेलिंग बोलताना कुणाच्या मनात येत नाही. ते पाटीवरून, नकाशावरून किंवा एखाद्या कागदावरून उतरवलेलं असतं. त्यामुळे नकाशा बघणारा पर्यटक आणि जमिनीचा कागद हातात असलेला माणूस, हे दोघे त्यात येतात. निव्वळ सवयीने लिहिणारा गावकरी बहुतेक वगळला जातो.

मग वेळ आणि ऋतू. मे महिन्यात ‘केरी’ आली तर सुट्टीत देवदर्शनाला आणि समुद्रावर निघालेली कुटुंबं डोळ्यांसमोर आणावीत. जुलैच्या रात्री नऊ वाजता, बाहेर धो धो पाऊस असताना तोच शब्द आला, तर चोर्ल्याच्या वाटेवरची केरी एकदम वर येते, कारण घाटात दरड कोसळली का, रस्ता चालू आहे का, हे विचारणारा माणूस गाडीत बसून एका हाताने लिहीत असतो. त्याच्याकडे दुसरा शब्द टाइप करायला वेळ नसतो.

तिसरी खूण म्हणजे आधीचा संवाद. याच क्रमांकावरून आठवड्यापूर्वी ‘सांकवाळ’ आलं असेल, तर केरी म्हणजे देऊळ हे जवळजवळ ठरलंच. ही खूण सगळ्यात भरवशाची आणि तिच्याकडेच सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं, कारण आपण नवा संदेश उघडतो आणि वरचं वाचतच नाही.

एक खूण मात्र वापरू नये असं माझं ठाम मत आहे: पाठवणाऱ्याचं आडनाव. नाव बघून माणसाचा धर्म ठरवायचा, धर्मावरून गरज ठरवायची आणि मग ख्रिस्ती आडनावाच्या माणसाला समुद्रकिनारा पाठवून द्यायचा, हे आपल्याकडे सहज घडू शकतं. सांकवाळ परिसरातल्या ख्रिस्ती घरांतले लोकही आपल्या गावातून हललेल्या देवळाची माहिती शोधत येतात, आणि देऊळ हाच त्यांचा विषय असतो. अशा वेळी चुकीचं उत्तर मिळालं तर माणूस दुरुस्ती करत नाही, अपमान वाटून गप्प बसतो. अंदाज चुकण्याची किंमत इथे माहितीपुरती राहत नाही.

समजा सगळ्या खुणा बघून झाल्या आणि तरीही ठरत नाही. तेव्हा तीन वाटा उरतात: एकच उत्तर द्यायचं, प्रश्न विचारायचा, किंवा दोन-तीन उत्तरं एकत्र पाठवायची. तिसरी वाट कधी घ्यायची, यामागे एक साधा हिशोब आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे.

आकडे मी उदाहरणासाठी धरतो. ‘केरी’ एवढंच लिहिणाऱ्या दहा जणांपैकी पाच जणांना समुद्राकडची केरी हवी आहे, तिघांना देवळाची आणि दोघांना घाटाखालची. आपल्याला तीन ओळी पाठवायच्या आहेत. बहुतेक जण पहिल्या झटक्यात म्हणतील, सगळ्यात जास्त लोकांना समुद्र हवाय, तर तिन्ही ओळी समुद्राच्याच लिहूया: किनाऱ्यावर कसं जायचं, फेरीबोट कुठे लागते, राहायची सोय काय. आता दुसरी ओळ किती जणांच्या उपयोगाची, ते बघा. समुद्रवाल्या पाचांपैकी चौघांचं काम पहिल्याच ओळीने झालं असेल, तर दुसरी ओळ एकाच माणसासाठी उरते. त्याच जागी देवळाची ओळ घातली असती तर ती तिघांपर्यंत पोचली असती. म्हणजे पहिली ओळ समुद्राची, दुसरी देवळाची, तिसरी घाटाची. समुद्राची दुसरी ओळ यायचीच तर ती चौथी.

यातला मुद्दा असा की एका ओळीची किंमत तिच्या आधी काय सांगून झालंय यावर ठरते. एकेक उत्तर सुटं तपासलं तर फेरीबोटीची ओळ देवळाच्या ओळीपेक्षा सरस वाटेल, कारण समुद्रवाले जास्त आहेत. पण किनाऱ्याच्या ओळीनंतर ठेवली की तिची किंमत घसरते. राकेश अग्रवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये शोधयंत्रांसाठी हाच विचार गणितात बसवला. एका शब्दामागे अनेक हेतू असतील, तर प्रत्येक पुढचा निकाल निवडताना ज्यांचं समाधान अजून झालेलं नाही त्यांचा विचार करायचा, म्हणजे यादीतला निदान एक तरी निकाल माणसाच्या कामाचा निघण्याची शक्यता वाढते. शोधयंत्रात नुसतं गावाचं नाव टाकलं की नकाशा, फोटो, देवळाची माहिती आणि बातम्या असं मिसळलेलं पान समोर येतं, त्यामागे अशाच जातीचा विचार असतो.

या हिशोबात आणखी एक गोष्ट धरावी लागते, आणि ती आकड्यांत लगेच दिसत नाही. चुकल्यावर काय होतं? किनारा हवा असलेल्या माणसाला देवळाची ओळ आधी दिसली, तर तो खालची ओळ वाचतो, बिघडलं काहीच नाही. पण पावसाळ्यात घाट चढायच्या तयारीत असलेल्याला किनाऱ्याचा नकाशा मिळाला आणि त्याने घाईत त्यावर बोट ठेवून गाडी वळवली, तर तो उत्तर गोव्याच्या पूर्व टोकाहून पश्चिम टोकाला निघतो. रात्रीच्या पावसात असा उलटा प्रवास म्हणजे थट्टा नव्हे. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये घाटवाले दहांत दोनच असले तरी त्यांची ओळ मी सगळ्यात वर ठेवायला सांगतो. किती जणांना हवंय आणि चुकलं तर किती नुकसान, हे दोन्ही एकत्र तोलायचं.

आता प्रश्न विचारायची वाट. ‘कुठली केरी?’ हा प्रश्न सगळ्यांच्या तोंडी पटकन येतो, आणि तो बऱ्याचदा फुकट जातो. ज्याला तीन केरी आहेत हे ठाऊक आहे, त्याने मुळात नुसतं ‘केरी’ लिहिलंच नसतं. ज्याने लिहिलंय त्याच्या लेखी जगात एकच केरी आहे. त्याला ‘कुठली?’ विचारलं की तो ‘गोव्यातली’ असं उत्तर देतो, आणि त्याचं बरोबरच असतं. तालुका विचारला तरी तीच गत. बाहेरगावच्या माणसाला पेडणे आणि सत्तरी ही नावं ओळखीची नसतात, आणि इथल्याही पुष्कळांना दुसऱ्या टोकाचं गाव कुठल्या तालुक्यात येतं ते सांगता येत नाही.

त्याला जे ठाऊक आहे, त्याच्या शब्दांत विचारावं. आम्ही ठरवलेली ओळ अशी आहे: ‘समुद्राकडची केरी, विजयादुर्गेची केरी, की चोर्ला घाटाखालची?’ या तीनपैकी एक चित्र पाठवणाऱ्याच्या डोक्यात आधीपासून असतंच, आणि तो एका शब्दात उत्तर देतो: ‘देऊळ’. शिवाय या प्रश्नाने जागेबरोबर गरजेचाही बराचसा उलगडा होतो. देऊळ म्हणणाऱ्याला फेरीबोट नको असते, घाट म्हणणाऱ्याला बहुधा रस्ताच हवा असतो. एका प्रश्नाने दोन्ही गाठी सैल होतात. असा प्रश्न शोधायचा तर आधी स्वतः सगळे अर्थ मांडून बघावे लागतात आणि त्यांना वेगळं करणारी ठळक, डोळ्यांना दिसणारी खूण कोणती ते हुडकावं लागतं.

नावाऐवजी नुसतं नाम येतं, तेव्हाही हेच करायचं, फक्त खूण वेगळी निघते. ‘दाखला’ असं एकटं आलं तर तो जन्माचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा किंवा पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा, असा कुठलाही असू शकतो. ‘कुठला दाखला?’ विचारलं तर कित्येकांना सांगता येत नाही, कारण त्यांना कुणीतरी फक्त ‘दाखला घेऊन या’ म्हणालेलं असतं. ‘कुणी मागितलाय?’ एवढं विचारा. बँक, शाळा, नोकरीची जाहिरात, यांपैकी जे उत्तर येईल त्यावरून दाखला जवळजवळ ठरतो. ‘कशाला पाहिजे?’ असं मात्र विचारू नये. शब्दांत फरक थोडा आहे, पण ऐकणाऱ्याला दुसऱ्या प्रश्नात झडती वाटते, आणि कचेऱ्यांत झडती देऊन दमलेला माणूस तिथेच थांबतो.

हे सगळं करूनही गरज हातातून निसटते ती कुठे, ते एका प्रसंगावरून सांगतो. कर्नाटकातल्या एका क्रमांकावरून सकाळी ‘केरी’ असा संदेश आला. देवनागरीत, एवढंच. आमच्याकडच्या मुलीने ठरलेली ओळ पाठवली. उत्तर आलं: ‘देवीची’. तिने लगेच फोंड्याहून कसं जायचं आणि पणजीहून यायचं तर कुठे उतरायचं, ते लिहून पाठवलं. तिकडून ‘धन्यवाद’ आलं. तिच्या लेखी काम झालं होतं.

मी तिला ‘धन्यवाद’ किती वेळात आलं ते बघायला सांगितलं. लागलीच आलं होतं. पाच ओळींचा रस्ता कुणी इतक्या लवकर वाचत नाही. ज्याला खरंच जायचं आहे तो परत एखादं तरी विचारतो, रिक्षा मिळते का, देऊळ दुपारी बंद असतं का. झटकन आलेला आणि पुढे काहीच न विचारणारा आभार हा पुष्कळदा ‘राहू द्या’चा सभ्य अवतार असतो. तिने पुन्हा लिहिलं: ‘काका, हे मिळाल्यावर पुढे काय करायचा विचार आहे? त्याप्रमाणे आणखी शोधून देते.’ मग खरी गोष्ट आली. त्यांच्या आजोबांच्या वहीत कुलदेवतेच्या जागी ‘केरी’ एवढाच शब्द लिहिलेला सापडला होता. घरात आता सांगणारं कुणी नव्हतं. आपली कुलदेवता तीच का, आणि ते कुठे पडताळता येईल, हे त्यांना हवं होतं. रस्ता त्यांनी कधी मागितलाच नव्हता.

मग त्यांनी असं का लिहिलं? रॉबर्ट टेलर नावाच्या अमेरिकी ग्रंथालयतज्ज्ञाने १९६८ मध्ये याचं फार नेमकं वर्णन केलं आहे. त्याच्या मते गरज चार पायऱ्या उतरत आपल्यापर्यंत येते. आधी नुसती हुरहुर असते, शब्द नसतात. मग मनात अर्धवट वर्णन तयार होतं. तिसऱ्या पायरीवर माणूस पूर्ण प्रश्न मांडू शकतो. आणि चौथ्या पायरीवर तो तो प्रश्न समोरच्या व्यवस्थेला झेपेल अशा बेताने कापतो. आपल्या हाती येतो तो हा कापलेला प्रश्न. या काकांना वाटलं, वाचनालय म्हणजे नाव दिलं की पुस्तक काढून देणारी जागा, तिथे आजोबांची वही सांगून काय उपयोग? म्हणून त्यांनी व्यवस्थेला समजेल असा एकच शब्द पाठवला. एका शब्दाचा संदेश दर वेळी आळसातून येत नाही. कितीदा तो माणसाने आपल्यासाठी घेतलेला त्रास असतो.

चौकशी करणाऱ्याचं काम या पायऱ्या उलट चढून जायचं. ‘पुढे काय करायचा विचार आहे?’ हा प्रश्न त्यासाठीच असतो. तो कारण मागत नाही, फक्त दिशा विचारतो. माणसाला सांगायचं असेल तर तो सांगतो, नसेल तर ‘यायचं आहे’ एवढं म्हणून सुटतो.

त्यांना जे उत्तर गेलं त्यात घाईने ‘हो, हीच तुमची कुलदेवता’ असं काहीच नव्हतं. वहीतला ‘केरी’ हा शब्द दुसऱ्या केरीतल्या दैवतासाठीही असू शकतो, हे आधी सांगितलं. घराण्याचं मूळ गाव कुठलं सांगितलं जातं, ते विचारलं. ते सांकवाळच्या बाजूचं निघालं तर विजयादुर्गेची शक्यता बरीच वाढते, एवढंच खात्रीने म्हणता येतं. पुढचा पडताळा देवस्थानाकडे. गोव्यातल्या देवस्थानांचा कारभार महाजन, म्हणजे देवस्थानाचे नोंद झालेले हक्कदार सभासद, बघतात आणि तो पोर्तुगीज काळातल्या महाजनांच्या नियमांखाली चालतो. १८८६ मध्ये ते नियम झाले आणि १९३३ मध्ये बदलले गेले. त्यानुसार महाजनांची नोंद ठेवली जाते आणि देवस्थानांचा प्रशासक म्हणून तालुक्याचा मामलेदार असतो. नोंदीत नाव सापडलं तर उत्तमच. पण सापडलं नाही म्हणून कुळावी नाही असं होत नाही, कारण प्रत्येक कुळावी महाजन नसतो. हा फरक त्यांना आधीच कळवला, म्हणजे यादीत नाव नाही म्हणून त्यांनी खचून शोध सोडू नये.

इथे तालुका पुन्हा आडवा येतो. फोंडा तालुका २०१५ पर्यंत उत्तर गोवा जिल्ह्यात होता, नंतर तो दक्षिण गोव्यात गेला. त्यामुळे आजच्या कागदावर ‘केरी, दक्षिण गोवा’ असेल तर ती देवळाची केरी, कारण बाकीच्या दोन्ही उत्तर गोव्यात आहेत. मात्र जुन्या कागदावर ‘केरी, उत्तर गोवा’ दिसलं तर त्यावरून काहीच ठरत नाही, तेव्हा तिन्ही त्याच जिल्ह्यात होत्या. जिल्ह्यावरून गाव ओळखायचं तर आधी कागदाची तारीख बघावी. जमिनीचा एक-चौदाचा उतारा शोधणाऱ्यांना ही गफलत हमखास होते आणि ते चुकीच्या तालुक्याच्या कचेरीत जाऊन रांगेत उभे राहतात.

आमचा अंदाज बरोबर होता की चुकीचा, हे कळायच्या खुणा थोड्या आहेत, पण त्या खऱ्या आहेत. झटपट आलेल्या आभाराचं वर सांगितलं. दुसरी खूण म्हणजे तोच शब्द एका जोडीदारासह परत येणं: ‘केरी बस’, ‘केरी खोली’. माणसाने आपलं उत्तर नाकारलं आणि स्वतःच गरज सांगितली, तेव्हा तो दुसरा शब्द सोन्यासारखा जपावा. आम्ही एका वहीत तीनच रकाने ठेवले आहेत: आलेला शब्द, महिना, आणि शेवटी निघालेली गरज. क्रमांक आणि नाव त्यात लिहीत नाही. कुणाच्या घराण्याची किंवा कुणाच्या दाखल्याची गोष्ट वहीत राहण्याचं कारण नाही.

या वहीच्या मर्यादाही ध्यानात ठेवाव्या लागतात. महिन्याचा रकाना नसेल तर मे आणि जुलै एकत्र होतात आणि कुठल्याच महिन्याला न बसणारा अंदाज हाती येतो. आणि वहीत फक्त परत लिहिणाऱ्यांची नोंद होते. चुकीचं उत्तर मिळून जे गप्प बसले, त्यांची गरज काय होती ते तिथे कधीच येत नाही. त्यामुळे वहीत समुद्राच्या नोंदी वाढत गेल्या, तर खरंच समुद्रवाले वाढले की आपण सगळ्यांना समुद्रच पाठवतोय म्हणून बाकीचे निघून गेले, हे तपासावं लागतं. त्यासाठी अधूनमधून काही दिवस कुठलाच अंदाज न बांधता, खुणा कितीही स्पष्ट असल्या तरी, सगळ्यांना तोच तीन चित्रांचा प्रश्न पाठवायचा आणि येतील ती उत्तरं जुन्या नोंदींशी ताडून बघायची.